शहाणा लावा कुठे गेला?

गेल्या महिन्यात मी एका वहीवर लाल फुली मारली आणि ती फुली काही केल्या डोक्यातून जाईना. तशा आम्ही मास्तर मंडळी दिवसाला शंभर फुल्या मारतो, घरी येऊन भाजी चिरायला बसलं की एकही आठवत नाही, पण ही आठवत राहिली. चौथीचा वर्ग, घणसोली, शेवटचा तास. बाहेर पाऊस, खिडक्या लावल्या तर घुसमटायला होतं आणि उघडल्या तर मागून ट्रान्स हार्बरची लोकल गेली की अर्धं वाक्य तिच्याबरोबर जातं. ओल्या दप्तरांचा आणि डब्यातल्या उरलेल्या भेंडीचा तो जो मिक्स वास असतो ना पावसाळ्यात शाळेत, तो. मी जातककथा सांगितली होती, लाव्यांची. जाळ्यासकट उडणारे लावे, मग त्यांचं भांडण, मग शिकारी त्यांना पकडतो ती. सांगून झाल्यावर फळ्यावर लिहिलं, 'तात्पर्य लिहा, गुण २', आणि वह्या घेऊन आले घरी.

अडतीस वह्या. जवळजवळ सगळ्यांनी 'एकी हेच बळ' लिहिलेलं, काहींनी 'ऐकी', एकाने 'एकी हेच बाळ'. मी टीव्हीसमोर बसून बरोबर बरोबर बरोबर करत चालले होते, आणि मधेच ओमची वही आली (नाव बदललंय, पण स्वभावाला ओमच शोभतं). त्याने लिहिलं होतं, 'भांडण मिटत नसेल तर आपली आपली माणसं घेऊन वेळेवर निघून जावे.' मी क्षणभर हसले, फुली मारली आणि त्याच्याच ओळीखाली लाल पेनाने ठसठशीत लिहिलं, 'एकी हेच बळ'. दुसऱ्या दिवशी वही मिळाल्यावर तो टेबलापाशी आला. भांडायला नाही हं, अगदी शांतपणे. म्हणाला, बाई, पण तो शहाणा लावा तर गेला होता ना निघून, आणि तोच वाचला, आणि तोच बुद्ध होता असं तुम्हीच म्हणालात.

मी म्हटलं, बस जागेवर.

आता ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते, पण बहुतेकांनी कबुतरांची ऐकलेली असते, पंचतंत्रातली. चित्रग्रीव नावाचा राजा, सगळी कबुतरं जाळं घेऊन उडतात, मग उंदीर येऊन जाळं कुरतडतो, सगळे सुटतात, टाळ्या. तिथे 'एकी हेच बळ' अगदी फिट बसतं कारण शेवटी कोणी मरतच नाही. जातकातली लाव्यांची गोष्ट सुरुवातीला तशीच दिसते आणि मग कूस बदलते. आणि आपण काय करतो तर सुरुवात ओळखीची वाटली की तात्पर्यही ओळखीचंच चिकटवून टाकतो. माझ्या वर्गात दोन मुलींनी तर उंदीरपण लिहिला होता. मी सांगितलेल्या गोष्टीत उंदीर नव्हताच!

त्या रात्री झोप येईना म्हणून मूळ गोष्ट काढून वाचली. मी बीएला पाली घेतलं होतं, खरं सांगायचं तर मार्क चांगले पडतात म्हणून घेतलं होतं, आणि आता पंचवीस वर्षांनी अडखळत अडखळत वाचता येतं. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने अख्खी अट्ठकथा, म्हणजे जातकांवरचं जुनं पाली भाष्य, नागरी लिपीत ऑनलाइन ठेवलीये, त्यामुळे अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर दिसते. एकूण ५४७ जातकं, त्यातलं हे तेहतिसावं, सम्मोदमान जातक. हा क्रम विषयावरून नाहीये, गोष्टीत गाथा, म्हणजे श्लोक, किती त्यावरून आहे, पहिल्या दीडशे गोष्टी एकेका गाथेच्या, मग दोन दोन गाथांच्या असं वाढत जातं. म्हणजे आपल्या लाव्यांच्या गोष्टीला एकच गाथा. आणि गाथा हा जातकाचा सगळ्यात जुना भाग, ती मूळ ग्रंथातली, तिच्याभोवतीची गद्य गोष्ट हे नंतर आलेलं भाष्य. तर ती एकुलती एक गाथा अशी आहे: 'सम्मोदमाना गच्छन्ति, जालमादाय पक्खिनो, यदा ते विवदिस्सन्ति, तदा एहिन्ति मे वसं.' पक्षी एकोप्याने जाळं घेऊन जातायत, ते भांडायला लागतील तेव्हा माझ्या ताब्यात येतील. 'मे वसं', माझ्या ताब्यात. हे कोण बोलतंय? शहाणा लावा नाही, बुद्धही नाही. शिकारी बोलतोय, आणि तेही बायकोला. मी उठून बसले. इतकी वर्षं ज्या ओळीवरून आपण मुलांना एकीचा धडा देतो ती ओळ मुळात शत्रूच्या तोंडची आहे, त्याचा प्लॅन आहे तो.

आणि बायकोला का सांगतोय तेही मस्त आहे. शिकारी लाव्याचा आवाज काढायचा, लावे जमले की जाळं टाकायचा, कडा ओढून सगळ्यांना एका ढिगात आणायचा, टोपलीत कोंबायचा आणि विकायचा, त्यावर घर चालायचं. मग बोधिसत्त्वाने, म्हणजे पुढे बुद्ध होणाऱ्या त्या शहाण्या लाव्याने, युक्ती काढली, जाळं पडलं की प्रत्येकाने एकेका भोकातून डोकं बाहेर काढायचं, सगळ्यांनी एकदम उडायचं, जाळं काटेरी झुडपावर टाकायचं आणि खालून निसटायचं. शिकारी संध्याकाळपर्यंत काट्यांतून जाळं सोडवत बसायचा आणि रिकाम्या हाताने घरी यायचा. असं रोज व्हायला लागल्यावर बायको चिडली, म्हणाली, रोज हात हलवत येतोस, दुसरीकडे कुठे संसार मांडलायस वाटतं. तेव्हा तो म्हणतो, अगं दुसरं घर कुठलं, लावे सध्या एकोप्याने वागतायत, भांडतील तेव्हा सगळ्यांना घेऊन येतो, हसवतो तुला. नवराबायकोचं हे भांडण मुलांच्या पुस्तकात कधीच नसतं, पण मला वाटतं गोष्ट इथेच जिवंत होते, कारण शिकाऱ्याच्याही घरात कटकट आहे, आणि तो मात्र वाट बघतोय, दुसऱ्यांच्या घरात कधी कटकट होते त्याची.

(मी वर्गात 'शिकारी'च म्हणते, पारधी म्हणत नाही. काही वर्षांपूर्वी म्हटलं होतं तर वर्गातल्या मुलांनी वळून एका मुलीकडे बघितलं. ती त्या समाजाची. ती खाली बघून खोडरबरावर पेन्सिल टोचत बसली. तेव्हापासून बंद.)

मग ते भांडण. किती फालतू कारण असावं? दाणे टिपायला उतरताना एका लाव्याचा पाय चुकून दुसऱ्याच्या डोक्यावर पडला. कोण रे डोक्यावर पाय देतो? मी, पण चुकून पडला, रागावू नकोस. आता इथे थांबून बघा, त्याने माफी मागितलीये! चूक कबूल केलीये! तरी तो रागावलेलाच राहतो, आणि मग टोमणे सुरू होतात, जाळं काय तू एकटाच उचलतोस वाटतं. बोधिसत्त्वाने हे ऐकलं आणि मनात म्हटलं, भांडखोरांच्या सोबतीत काही खरं नाही, आता हे जाळं उचलायचे नाहीत, सगळ्यांचा नाश होणार, आपण इथे राहण्यात अर्थ नाही. आणि आपला जो गट होता तो घेऊन तो निघून गेला. थोड्या दिवसांनी शिकारी आला, आवाज काढला, जाळं टाकलं. खाली काय चाललंय, तर एक म्हणतो, जाळं उचलून उचलून तुझ्या डोक्याची पिसं झडली म्हणे, उचल की आता. दुसरा म्हणतो, तुझे तर दोन्ही पंख झडले म्हणे, तूच उचल. तू उचल, तू उचल करेपर्यंत शिकाऱ्यानेच जाळं उचललं, टोपली भरली, घरी नेली, आणि बायको हसली. शेवटी बुद्ध सांगतात की तेव्हाचा मूर्ख लावा म्हणजे देवदत्त, बुद्धांचा चुलतभाऊ आणि विरोधक, तो होता आणि शहाणा लावा मीच. संपलं. तात्पर्य वगैरे काही नाही. जातक तात्पर्याने संपतच नाही, ते संपतं समोधानाने, म्हणजे त्या जन्मी कोण कोण होतं ते जुळवून सांगण्याने. 'तात्पर्य' अशी ठळक ओळ ही आपण शाळेत लावलेली शेपटी आहे.

म्हणजे ओमने गोष्ट वाचली होती आणि मी शेपटी वाचली होती.

पण खरं सांगू का, मला फक्त तेवढंच टोचत नव्हतं. 'आपली आपली माणसं घेऊन निघून जावे' हे वाक्य मी आमच्या घरात ऐकलंय, आणि ते कौतुकाने कधीच ऐकलेलं नाही. आम्ही आधी ठाण्यात राहायचो, कोपरीत, चाळीत लागून असलेल्या तीन खोल्यांत तीन भाऊ. मधल्या भिंतींना दारं पाडलेली, एका टोकाला चुलीवर काय शिजतंय ते दुसऱ्या टोकाला कळायचं. भांडण कशावरून सुरू झालं ते आजपर्यंत मला कळलेलं नाही, आई म्हणते लाइट बिलावरून, आत्या म्हणते पाणी भरण्यावरून, मला फक्त आठवतं की रात्री भांडी जोरात आपटायला लागली आणि मधली दारं बंद राहायला लागली. एका दारापुढे तर काकूने गव्हाची कोठीच आणून ठेवली. १९८९ ला बाबांनी सिडकोचं एक खोलीचं घर घेतलं कोपरखैरण्याला, तेव्हा तिथे चिखल आणि डास सोडून काही नव्हतं, आणि आम्हा चौघांना घेऊन निघाले. टेम्पोत मी शिलाई मशीनवर बसले होते. कोणी दारात आलं नाही निरोपाला. पुढे कितीतरी वर्षं लग्नामुंजीत कोणीतरी म्हणायचंच, यानेच घर फोडलं. आणि गंमत म्हणजे बाबा स्वतः भिंतीवर 'एकी हेच बळ'वालेच होते, युनियनमध्ये होते ते, त्यामुळे त्यांना हे फार लागायचं. मागे राहिलेल्यांचा काही सर्वनाश वगैरे झाला नाही, गोष्टीसारखं काही होत नाही खऱ्यात, ते आपले भांडत भांडत राहिले. मात्र पुढे खोल्या विकायची वेळ आली आणि दोघं काका एकमेकांशी बोलेनात तेव्हा बाबा दर रविवारी बस पकडून कोपरीला जायचे आणि दोघांच्या मधे बसायचे, कधी नुसतेच बसायचे. परत आले की शर्टाला काकांच्या विडीचा वास यायचा. आई विचारायची काय झालं, म्हणायचे, चहा झाला.

तर पुढच्या सोमवारी मी ठरवलं की हा पाठ पुन्हा घ्यायचा, दोन तास जोडून, म्हणजे सत्तर मिनिटं. शेजारच्या वर्गाच्या मॅडम म्हणाल्या, तीच गोष्ट पुन्हा? पोर्शन कधी संपवणार? त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. ह्या वेळी गोष्टीचं नाव सांगितलं नाही, कारण फळ्यावर 'एकीचे बळ' लिहून गोष्ट सुरू केली की मुलं कानच बंद करतात, उत्तर हातात आलेलंच असतं. आणि मधे तीन ठिकाणी थांबले. बायकोचा टोमणा झाल्यावर, डोक्यावर पाय पडल्यावर, आणि शहाणा निघून गेल्यावर. प्रत्येक वेळी एकच विचारलं, आता पुढे काय होईल आणि तुला कशावरून वाटतं? ह्यातला दुसरा अर्धा प्रश्न महत्त्वाचा. पहिल्या अर्ध्यावर सगळे ओरडतात, दुसऱ्यावर शांतता होते आणि मुलं छताकडे बघायला लागतात, म्हणजे गोष्टीत मागे जाऊन शोधायला लागतात.

मग चिठ्ठ्या. शिकारी, त्याची बायको, ज्याचा पाय पडला तो, ज्याच्या डोक्यावर पडला तो, शहाणा लावा, त्याच्याबरोबर गेलेला एक, मागे राहिलेला एक. ज्याला जी चिठ्ठी मिळेल त्याने त्याच्या जागी बसून एक वाक्य लिहायचं, मला ह्यातून काय कळलं. 'तात्पर्य' हा शब्दच काढून टाकला मी, कारण तो शब्द ऐकला की मुलं सुविचाराच्या फळ्याकडे बघतात. अक्षरशः बघतात, मान वळते! वाक्यं आली त्यात बऱ्याच जणांनी गोष्टच परत लिहिली होती, 'लावे भांडले म्हणून पकडले गेले'. हे चूक नाहीये, पण हे गोष्टीच्या आतलं वाक्य आहे. म्हणून म्हटलं, आता ह्याच वाक्यातून लावा, जाळं, शिकारी हे शब्द काढा आणि तरी वाक्य उभं राहतंय का बघा. पाच मिनिटं नुसतं खोडरबर चाललं. एकीने लिहिलं, 'भांडत बसलं की समोर काय येतंय ते दिसत नाही.' बघा, हे वाक्य लाव्यांशिवाय उभं राहतं, रस्त्यावर पण लागू होतं, घरात पण.

मग उलटी परीक्षा. बाहेरचं वाक्य तर झालं, पण ते ह्याच गोष्टीतून आलंय का, की कुठल्यातरी कॅलेंडरवरून? गोष्टीची झेरॉक्स प्रत्येक बाकावर दिली होती, म्हटलं, तुमचं वाक्य कुठून आलं तिथे बोट ठेवा. एका मुलीचं वाक्य होतं 'नेहमी खरे बोलावे'. तिचं बोट पानभर फिरलं, वरून खाली, खालून वर, आणि मग ती स्वतःच म्हणाली, बाई ह्यात कोणी खोटं बोललंच नाहीये. मी काही न बोलता ती बरोबर ठिकाणी आली. ज्यांनी परत 'एकी हेच बळ' लिहिलं होतं त्यांचं बोट जाळं घेऊन उडण्याच्या ओळीवर बसलं, छान बसलं, पण मी म्हटलं आता बोट तिथेच ठेवा आणि बाकीचं अर्धं पान कशाला आहे सांगा. त्यावर कोणालाच बोलता येईना. ते वाक्य खोटं नाही, पण ते अर्ध्या गोष्टीचं आहे.

सगळ्यात भारी वाक्य मला ज्याच्या डोक्यावर पाय पडला त्याच्या चिठ्ठीतून मिळालं. आधी त्या मुलाने लिहिलं होतं 'चूक झाली तर सॉरी म्हणावं'. बोट ठेव म्हटल्यावर त्याला दिसलं की सॉरी तर म्हटलंय. मग तो बराच वेळ जीभ बाहेर काढून लिहीत होता आणि शेवटी आलं, 'समोरचा सॉरी म्हणाला की आपण पण थांबायचं असतं.' ही गोष्ट मी पंधरा वर्षं सांगतेय आणि ही ओळ मला कधी दिसली नव्हती. आणि शिकाऱ्याच्या चिठ्ठीवाल्याने लिहिलं, 'धीर धरावा, लोक भांडतातच.' वर्ग हसला, तो ओशाळला, मला मात्र आतून थंडगार वाटलं कारण ही जवळजवळ मूळ गाथाच होती, ह्या पोराने पाली न शिकता लिहिलेली. इथे एक अडचण असते आणि ती सांगायलाच हवी. मुलाने गोष्टीतून काढलेलं वाक्य बरोबर असू शकतं आणि तरी ते वागायला सांगण्यासारखं नसू शकतं. जगात असं होतं हे एक, आणि असं वागावं हे दुसरं. नऊ वर्षांच्या मुलाला ह्यातला फरक समजतो का? मी विचारलं, हे तुला शिकाऱ्याने सांगितलं तर काय करशील? तो म्हणाला, त्याच्यासमोर भांडणार नाही. समजतो की.

मग मी घरून आणलेली जुनी मच्छरदाणी काढली. सहा जणांना खाली बसवलं, कडेने. एक दोन तीन म्हटल्यावर सहाही जणांनी उचलली, टेंटसारखी वर गेली, सगळे खालून पळाले, दंगा. दुसऱ्यांदा दोघांच्या कानात सांगितलं, तुम्ही उचलायचं नाही, नुसतं 'तू उचल' म्हणायचं. मला वाटलं होतं चौघांची बाजू उचलली जाईल आणि ते सुटतील, दोघं अडकतील. तसं झालंच नाही. दोघांच्या बाजूने मच्छरदाणी जमिनीला राहिली, चौघांनी जेवढी ओढली तेवढी ती त्यांच्याच डोक्यावर आवळत गेली, एकाच्या चष्म्यात अडकली, आणि चौघंही बाहेर पडू शकले नाहीत. ओम खालूनच ओरडला, बाई म्हणून तो गेला! जाळं पडल्यावर शहाणं असून उपयोग नाही, आधीच जायला लागतं!

आता एवढं झाल्यावर मी हरले असं म्हणून तास संपवता आला असता. पण एका मुलीने विचारलं, जाताना त्याने बाकीच्यांना सांगितलं का? मी झेरॉक्सवर बघितलं, मग मोबाईल काढून (वर्गात काढायचा नसतो, काढला) मूळही बघितलं. नाही सांगितलं. मनातल्या मनात विचार केला आणि आपल्या लोकांना घेऊन गेला, समजावण्याचा एक शब्द नाही. वर्गात एकदम दोन पार्ट्या पडल्या. सांगायला पाहिजे होतं. सांगून ऐकलं असतं का, त्याने सॉरी ऐकलं नाही तर हे काय ऐकणार? मग तरी सांगायचं. कोणी तरी एकाने दुसऱ्याला ढकललं सुद्धा, एकीची गोष्ट चालली असताना.

तेव्हा मला मागच्या वेळी गाळलेला भाग आठवला. प्रत्येक जातकाला आधी एक वर्तमानातली गोष्ट असते, बुद्धांनी ही गोष्ट कुठे, कोणाला, का सांगितली, आणि मुलांच्या पुस्तकातून सगळ्यात आधी कात्री तिलाच लागते, मीही लावली होती. इथे ती अगदी दोन ओळींची आहे. बुद्ध कपिलवस्तूजवळ निग्रोधारामात होते आणि नातेवाइकांमध्ये भांडण पेटलं होतं, कशावरून तर चुंबटकावरून. मी वर्गाला विचारलं, चुंबळ माहितीये? तीसेक चेहरे कोरे. ओमचा हात वर. त्याचे आजोबा वाशीच्या मार्केटला माथाडी होते, पोती वाहायचे, पंचा पिळून गोल करून डोक्यावर ठेवायचे. त्याने बाकावर उभं राहून रुमालाची करून दाखवली, वेटोळं घालून टोक आत खोचलं आणि डोक्यावर ठेवली. तर ही एवढीशी गोष्ट, म्हटलं, त्यावरून घरची माणसं भांडत होती. सविस्तर भांडण पुढे कुणालजातकात येतं, तिथे ते रोहिणी नदीच्या पाण्यावरून आहे, शाक्य आणि कोलिय, दोन्ही कुळं बुद्धांच्या नात्यातलीच, आणि नदी एकच, शेतं दोन्हीकडे. पाणी म्हटल्यावर वर्गाला कळलं, आमच्याकडे पाण्याचं भांडण समजावून सांगावं लागत नाही. तेव्हा बुद्ध नातेवाइकांना म्हणाले की आपल्याच माणसांत भांडण बरं दिसत नाही, आणि मग ही लाव्यांची गोष्ट सांगितली.

पहिल्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभरात फारसं काही बोललेली नाही, ती नखं खात म्हणाली, म्हणजे लावा होता तेव्हा निघून गेला, आणि बुद्ध झाल्यावर भांडणात परत आला.

मागून लोकल गेली. मी फळा पुसायला वळले, पुसण्यासारखं काही नव्हतं खरं तर. मला बाबांचा रविवारचा शर्ट आठवत होता.

घंटा झाली, मच्छरदाणी गुंडाळताना चार जण मदतीला आले आणि जास्तच गुंता केला. ओमला म्हटलं, वही आण. त्याच्या जुन्या उत्तरापुढे २ पैकी २ लिहिले, सही केली, फुलीच्या बाजूला. तो बघत राहिला. मला वाटलं खूश होईल. म्हणाला, पण बाई, आता मला ते उत्तर बदलायचंय, त्याने सांगून जायला पाहिजे होतं. मी म्हटलं, मग लिही की खाली.

त्याने वही माझ्याकडे फिरवली. खाली जागा नाहीये बाई, तिथे तुम्ही लिहिलंय.